'पैसा गुणक' की 'चलन गुणक'?

प्रश्न: अर्थशास्त्राच्या एका पुस्तकात 'पैसा गुणक' आहे, दुसऱ्यात 'चलन गुणक'. बरोबर कोणतं? आणि "मध्यवर्ती बँकेने रोखे विकत घेतले की गुणक पैशाचा पुरवठा वाढवतो" असं वाक्य लिहिलं तर चालेल का?

'पैसा गुणक' लिहावं. चलन म्हणजे हातोहात फिरणाऱ्या नोटा आणि नाणी. इथे जे वाढतं त्याचा बराच भाग बँकखात्यांवरच्या ठेवींचा असतो. ठेवीवर धनादेश काढता येतो, ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवता येते, म्हणून ती पैसा आहे. पण ती चलन नाही. 'चलन गुणक' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नोटांचा छापखाना उभा राहतो, आणि मग पुढचं सगळंच विवेचन त्याला चुकीचं समजतं.

दुसऱ्या वाक्याला मात्र माझी हरकत आहे. गुणक हा शब्द शाळेतल्या अंकगणितातून आला आहे, आणि तिथे तो कधी एकटा येत नाही. ३५ ला ४ ने गुणलं तर ३५ हे गुण्य, ४ हा गुणक आणि १४० हा गुणाकार. अर्थशास्त्राने यातला गुणक तेवढा उचलला, गुण्य मागेच राहिलं. ते परत आणून ठेवलं की अर्धा गोंधळ मिटतो. इथलं गुण्य म्हणजे पायाभूत पैसा: लोकांच्या हातातली रोकड, बँकांच्या तिजोरीतली रोकड आणि मध्यवर्ती बँकेत बँकांच्या नावावर असलेली शिल्लक. गुणाकार म्हणजे लोकांकडचा एकूण पैसा, रोकड अधिक ठेवी. मध्यवर्ती बँक रोखे घेते किंवा विकते तेव्हा ती थेट बदलते ते गुण्य.

एक खरेदी पायरीपायरीने पाहू. मध्यवर्ती बँकेने एका विमा कंपनीकडून १०० कोटींचे रोखे घेतले. विमा कंपनीच्या बँकखात्यात १०० कोटी जमा झाले, आणि त्या बँकेची मध्यवर्ती बँकेतली शिल्लकही १०० कोटींनी वाढली. तेच रोखे विमा कंपनीऐवजी खुद्द बँकेने विकले असते, तर तिच्याकडचे रोखे जाऊन शिल्लक आली असती, एवढंच. लोकांकडच्या पैशात त्या क्षणी काहीच भर पडली नसती. गुण्य दोन्ही वेळा सारखंच वाढलं, गुणाकार मात्र लगेच सारखा वाढला नाही.

पहिला प्रकार पुढे नेऊ. समजा, ठेवींच्या १० टक्के रक्कम राखीव ठेवायचं बंधन आहे. १०० कोटींच्या नव्या ठेवीपोटी १० कोटी अडकतात, ९० कोटी मोकळे राहतात. बँक कुणाला तरी ९० कोटींचं कर्ज मंजूर करते. कर्ज देताना बँकेची खतावणी काय करते ते बघण्यासारखं आहे: कर्जदाराच्या कर्जखात्यावर ९० कोटी नावे आणि त्याच्याच चालू खात्यावर ९० कोटी जमा. विमा कंपनीच्या ठेवीला हात लागलेला नाही. ती आहे तशीच आहे. ही दुसरी ठेव त्या दोन नोंदींमधून नव्याने झाली. आपल्याकडे यालाच पतनिर्मिती म्हणतात, आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो. कर्जदार ही रक्कम ज्याला देतो त्याचं खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर ९० कोटींची शिल्लक तिकडे जाते. ती बँक ९ कोटी राखून ८१ कोटींचं कर्ज देऊ शकते. १००, ९०, ८१, ७२.९ अशी ही माळ शेवटपर्यंत जोडत गेलं तर ठेवी १००० कोटींच्या होतात. पुस्तकातला 'दहाचा गुणक' तो हा.

पण या हिशोबात प्रत्येक जण मिळालेला सगळा पैसा बँकेतच ठेवतो. लोक दर १०० च्या ठेवीमागे २५ रोख जवळ बाळगत असतील, तर १०० च्या ठेवीपोटी राखीव १० आणि रोकड २५ मिळून ३५ एवढा पायाभूत पैसा अडकतो, आणि त्यावर उभा राहतो १२५ एवढा पैसा. १२५ भागिले ३५, म्हणजे साधारण ३.६. दहाचे साडेतीन झाले, आणि राखीव प्रमाण तर एका टक्क्यानेही हललेलं नाही. बँकांनी बंधनापेक्षा जास्त शिल्लक ठेवली तर आकडा आणखी खाली येतो.

शब्दाची अडचण इथे आहे. लेखक, शिक्षक, रक्षक यांतल्या 'क'मुळे आपल्या कानाला गुणक हा कर्ता वाटतो, स्वतः काहीतरी करणारा. प्रत्यक्षात रोकड किती बाळगायची हे लोक ठरवतात, कर्ज द्यायचं की नाही हे बँका ठरवतात आणि कर्ज मागायला कुणीतरी यावं लागतं. हे सगळं होऊन गेल्यावर एकूण पैशाला पायाभूत पैशाने भागलं की जे उत्तर येतं त्याला आपण गुणक म्हणतो. म्हणजे तो मिळतो भागाकारातून, आणि स्वभावाने ते एक गुणोत्तर आहे.

आणि हे गुणोत्तर एकाहून लहानही असू शकतं. २००८ च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, मुख्यतः तातडीच्या कर्जांतून पायाभूत पैसा काही महिन्यांत जवळजवळ दुप्पट केला. ऑक्टोबरपासून ती बँकांच्या शिल्लक रकमेवर व्याजही देऊ लागली. बँकांनी शिल्लक तिथेच राहू दिली. रोकड आणि चालू ठेवी एवढाच पैसा मोजला तर वर्षाच्या अखेरीस त्याचा गुणक एकाच्या खाली गेला होता. पुढे २०२० च्या मार्चमध्ये तिथे राखीव प्रमाण शून्यावर आणलं गेलं. एक भागिले राखीव प्रमाण, हे दहाच्या गुणकामागचं सूत्र मानायचं तर आता एक भागिले शून्य, म्हणजे पैसा अमर्याद व्हायला हवा होता. तसं झालं नाही, कारण बँकेचं कर्जवाटप राखीव प्रमाणाखेरीज तिचं भांडवल, कर्जदाराची पत आणि व्याजदर यांनीही बांधलेलं असतं. आजच्या बऱ्याच मध्यवर्ती बँका व्याजदर ठरवतात आणि त्या दराला बँकांना लागेल तेवढी शिल्लक रोख्यांच्या व्यवहारातून पुरवतात. तिथे आधी कर्ज, मग ठेव आणि शेवटी शिल्लक असा क्रम लागतो. म्हणजे गुणाकार आधी ठरतो आणि गुण्य त्याच्या मागून येतं.

'राखीव' शब्दाबद्दलही थोडं. राखीव कुरण म्हटलं की तिथे गुरं सोडायची नाहीत. बँकेची राखीव शिल्लक तशी कुलूपबंद नसते. बँका एकमेकींची देणी दिवसभर तिच्यातूनच भागवतात, आणि बऱ्याच ठिकाणी बंधन पाळलं की नाही हे ठरावीक काळाच्या सरासरीवर पाहतात. म्हणून "बाजूला काढून ठेवलेली रक्कम" यापेक्षा "राखावी लागणारी शिल्लक" असं लिहिणं मला पटतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "मध्यवर्ती बँकेने रोखे विकत घेतले की पायाभूत पैसा वाढतो, बँकांनी कर्जं दिली आणि लोकांनी पैसा ठेवींत राहू दिला, तर एकूण पैसा त्याच्या काही पट वाढू शकतो." विक्रीच्या वेळी पायाभूत पैसा 'घटतो' आणि बँकांनी कर्जं आखडती घेतली तर एकूण पैसाही काही पट 'घटू शकतो' असं लिहा, 'शकतो' मात्र दोन्हीकडे तसंच राहू द्या.