अस्वलाच्या पंजात काटा रुततो तेव्हा

आमच्या वर्गात चार ते पाच वर्षांची मुलं आहेत. त्यांना आपल्या शरीराची ओळख व्हावी म्हणून प्राण्यांच्या चालींचा खेळ घेते, पण ‘आता सगळे अस्वल व्हा’ म्हटलं की गुरगुरत खोलीभर पळत सुटतात. यातून शरीराची ओळख कशी होणार?

‘अस्वल व्हा’ म्हटल्यावर मुलाला सगळ्यात आधी आवाज आठवतो. हातापायांनी काय करायचं, हे त्या सूचनेत कुठेच नाही. म्हणून मी आधी जमिनीबद्दल बोलते: ‘अस्वलाचे दोन पंजे आणि दोन पावलं जमिनीवर, गुडघे मात्र हवेत.’ एवढं ऐकलं की पळणं आपोआप थांबतं, कारण त्या स्थितीत जोरात पळताच येत नाही.

मग गोष्ट सुरू करायची, पण ती अशी हवी की प्रत्येक वळणावर शरीराला काहीतरी बदलावं लागेल. माझं अस्वल गुहेत अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं असतं. जाग येते तसा एकेक पाय ताणतं, कोणता ते मूलच ठरवतं. बाहेर पडतं, पाच-सहा पावलं चालतं. समोर खाली वाकलेली फांदी येते, तिच्याखालून जायला पोट जमिनीजवळ न्यावं लागतं. आणि मग एका पुढच्या पंजात काटा रुततो.

हा काटा माझ्या धड्याचा गाभा आहे. तो हात उचलायचा म्हणजे अंगाचा भार आधी उरलेल्या तिघांवर न्यावा लागतो. मूल थबकतं, किंचित डुलतं आणि दुसऱ्या हातावर रेलतं. नेमकं तेव्हा हळू आवाजात विचारा, ‘आता कोण कोण तुला धरून आहे?’ उत्तर शब्दांत आलंच पाहिजे असं नाही. कुणी नुसता टेकलेला हात दाबून दाखवतं, तेही पुरे. मग काटा मागच्या पायात रुतू द्या. तोल वेगळा लागतो आणि मुलांना तो फरक लगेच कळतो.

आणि हो, गुरगुरणं बंद करू नका. त्याला गोष्टीत जागा द्या: काटा निघाल्यावर एकदा मनसोक्त गुरगुरायचं.

आमच्या गटात तीन वर्षांचीही मुलं आहेत. खेकड्याची चाल त्यांना जमतच नाही, बूड घासत सरकतात. सराव वाढवू का?

सराव वाढवू नका, चाल सोपी करा. खेकड्यात पोट वर, बूड उचललेलं आणि हात पाठीमागे टेकलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते कुठे आहेत हे फक्त आतून जाणवतं, म्हणून शरीराच्या जाणिवेसाठी ही चाल मोलाची आहे, आणि अवघड आहे तीही त्याचमुळे. शिवाय खांद्यांवर बराच भार येतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलांचा खेकडा पावलं टाकतच नाही. तो वाळूत बसतो, मागे हात टेकतो, लाट आली की बूड उचलतो, तीन मोजेपर्यंत थांबतो आणि खाली बसतो. दोन-तीन लाटा पुरेत. लाट असताना मूल मान वळवून हात शोधू लागलं तर हाताची जागा अजून त्याला जाणवत नाही, असं समजा. अशा वेळी त्याच्या तळव्यांवर आपले हात हलके दाबून ठेवावेत.

मनगट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला लगेच दुसऱ्या प्राण्यावर न्या. साप पोटावर असतो, मनगटावर भार येत नाही.

समोर उभं राहून ‘उजवा हात’ म्हणते, तर निम्मी मुलं डावा उचलतात. दुरुस्त करायचं का?

नको. उजवं-डावं ही नावं या वयात पक्की झालेली नसतात, आणि समोरच्याचं आरशासारखं पाहून करणं अगदी स्वाभाविक आहे. ‘काट्याचा पंजा’ आणि ‘बरा पंजा’ म्हणा. दुसऱ्या फेरीत काटा पलीकडच्या पंजात गेला की दोन्ही बाजू आपसूक होतात.

एक मुलगा भिंतीला टेकून फक्त बघतो. त्याला कसं ओढू?

ओढू नका. त्याला गुहेची भिंत करा: पाठ भिंतीला घट्ट, अस्वल बाहेर पडेपर्यंत हलायचं नाही. पाठीवरचा दाब हीही शरीराचीच ओळख आहे. माझ्या वर्गातला असाच एक मुलगा तीन आठवडे गुहाच होता. चौथ्या आठवड्यात फांदी झाला, हात लांब करून. त्याच्या हाताखालून बाकीचे वाकून जात होते.

काही फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं?

थांबण्यावरून. गोष्टीत अस्वलाला चाहूल लागली, ‘थांब!’ म्हटलं, की पहिल्या दिवशी मुलं दोन पावलं पुढे जातात किंवा कोसळतात. काही आठवड्यांनी एक हात हवेत असतानाही तिथेच थिजतात. दुसरी खूण फांदीखाली दिसते. आधी डोकं वाकवून पाठ तशीच वर ठेवणारं मूल पुढे पाठही खाली नेऊ लागतं. जी पाठ त्याला दिसत नाही, तिची उंची त्याला कळलेली असते.