विरोधी रंग मुलांना कसे दाखवावेत?

रंगचक्र मुलांना पाठ आहे, पण विरोधी आणि उष्ण-शीत रंग चित्रात उतरत नाहीत. काय करू?

एकच नारिंगी दोनदा रंगवायला द्या. पोस्टर कलरच्या पिवळ्यात थोडाथोडा लाल मिसळून नारिंगी बनवा, दोन सारखे गोल भरा. वाळले की एकाभोवती निळा, दुसऱ्याभोवती लाल लावा. निळ्यातला गोल पेटल्यासारखा पुढे येतो, कारण निळा रंगचक्रात त्याच्या बरोबर समोर आहे, शिवाय शीत. लालातला मात्र शेजाऱ्यात मिसळून जातो, जरा पिवळटही वाटतो. मुलं हमखास म्हणतात, "हा वेगळा नारिंगी आहे!"

गोल ओला असताना घाई केली, तर निळ्याच्या कडेला मातकट पट्टा उमटतो. विरोधी रंग मिसळले की एकमेकांना मारतात. तो कागद फेकू नका. त्याच मातकट रंगाने गोलाची सावली रंगवून घ्या, काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसते.