माझ्या गाडीत, मेरी गाड़ी में

प्रश्न: मी सांगलीची. नोकरीमुळे चार महिन्यांपूर्वी लखनौला आले. ‘मेरे गाड़ी में’, ‘बड़ी घर’ असं काहीबाही तोंडातून जातं आणि ऑफिसमधले सुधारत बसतात. आपलं नपुंसकलिंग हिंदीत कुठे जातं? सगळ्या शब्दांचं लिंग पाठच करावं लागतं का?

उत्तर:

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यातलंच वडिलांचं गलाईचं दुकान कानपुरात होतं. सातवीत असताना मी तिकडे गेलो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या किराणावाल्या काकांना मी म्हणालो, “हमारे दुकान में कोई नहीं है।” ते म्हणाले, “हमारे नहीं बेटा, हमारी दुकान।” मला कळेना, कारण माझ्या डोक्यात ‘आमच्या दुकानात’ होतं. त्यातल्या ‘आमच्या’चं मी ‘हमारे’ केलं होतं. आता विट्यात मुलांना हिंदी शिकवतो, आणि त्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त हीच चूक सापडते.

आधी ती चूक घेऊ. मराठीत शब्दाला ‘त, ला, ने’ असं काही लागलं की त्याच्या आधीचं विशेषण ‘या’कारान्त होतं, मग लिंग कुठलंही असो. माझ्या वाड्यात, माझ्या गाडीत, माझ्या घरात. लिंग तिथे दिसेनासंच होतं. हिंदीत ते दिसत राहतं. पुल्लिंगी शब्द असेल तर ‘मेरा’चं ‘मेरे’ होतं, पण स्त्रीलिंगी ‘मेरी’ काही केल्या बदलत नाही: मेरे घर में, मेरी गाड़ी में. आपण प्रत्येक ‘या’ची ‘ए’ करतो, म्हणून घर बरोबर येतं आणि गाडी चुकते.

मुलांना मी एकच वाक्य चार वेळा लिहायला लावतो. ‘त्याच्या भावाच्या नव्या घरात’ याचं ‘उसके भाई के नए घर में’. भावाच्या जागी बहीण आणा: ‘उसकी बहन के नए घर में’. आता भाऊ परत आणा आणि घराच्या जागी दुकान ठेवा: ‘उसके भाई की नई दुकान में’. शेवटी बहीण आणि दुकान दोन्ही: ‘उसकी बहन की नई दुकान में’. मराठीत चारही वेळा ‘त्याच्या… च्या नव्या’ तसंच राहिलं. हिंदीत प्रत्येक ‘या’ आपल्या पुढच्या नामाकडे बघतो. ‘उसकी’ बहिणीमुळे आली, ‘की नई’ दुकानामुळे. बोलताना अडलात तर मागे बघू नका, पुढचं नाम कोणतं येणार आहे ते आधी मनात आणा आणि मग ‘के’ की ‘की’ ठरवा.

‘बड़ी घर’ची गोष्ट वेगळी. आपल्या नपुंसकलिंगाच्या अनेकवचनात विशेषण ‘ई’कारान्त असतं: मोठी घरं, जुनी पुस्तकं. हिंदीत विशेषणाची ‘ई’ म्हणजे स्त्रीलिंग. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘माझी दोन जुनी पुस्तकं हरवली’ आणि ‘माझी दोन जुनी घरं पडली’. मराठीत दोन्हींचा साचा एकच. हिंदीत पहिलं ‘मेरी दो पुरानी किताबें खो गईं’, दुसरं ‘मेरे दो पुराने घर गिर गए’. पहिल्यात तुमची मराठी ‘ई’ योगायोगाने जुळली, म्हणून ती सवय पक्की होते आणि दुसऱ्यात दगा देते.

नपुंसकलिंगी शब्द बहुतेक पुल्लिंगात जातात. घर, काम, फूल, फळ, दूध, पाणी, मीठ (नमक), सोनं, नाव (नाम) हे सगळे पुल्लिंगी. नामच नसेल तिथेही पुल्लिंग येतं: ‘मला बरं वाटलं’ म्हणजे ‘मुझे अच्छा लगा’. त्यामुळे अंदाजाने बोलायची वेळ आली तर नपुंसकाला पुल्लिंग समजून बोला, चुकायची शक्यता कमी. जे स्त्रीलिंगात जातात त्यांची मात्र वेगळी नोंद ठेवा: दुकान, पुस्तक (आणि किताब), नाक, सरकार. ‘सरकार पडलं’ म्हणजे ‘सरकार गिर गई’. शब्द बदलला की लिंगही बदलू शकतं: लग्न नपुंसक, पण शादी स्त्रीलिंगी; ऊन नपुंसक, धूप स्त्रीलिंगी.

मला जास्त काळजी वाटते ती दोन्ही भाषांत जवळजवळ एकच असलेल्या शब्दांची. तिथे आपण लिंग तपासतच नाही. आपला आवाज आला, त्यांची आवाज़ आई. आपला चहा झाला, त्यांची चाय बन गई. बर्फ पडला, बर्फ गिरी. मृत्यू, विजय, आत्मा हे मराठीत पुल्लिंगी, हिंदीत तिन्ही स्त्रीलिंगी. उलटा प्रवास ‘मजा’चा: मजा आली, पण मज़ा आया.

पाठ करावंच लागतं का, तर हो, पण शब्दापुढे ‘स्त्री.’ लिहून नव्हे. शब्द ‘दो’ लावून पाठ करा. व्यंजनाने संपणारा पुल्लिंगी शब्द अनेकवचनात तसाच राहतो आणि स्त्रीलिंगीला ‘एँ’ लागतं: दो घर, दो दुकानें, दो फल, दो किताबें. लिंग अनेकवचनातच बसलेलं असतं, आणि कानाला ते लगेच लागतं. ऑफिसात कोणी ‘दुकानें’ म्हणालं की तुम्हाला न विचारता उत्तर मिळालं. चाय, धूप, बर्फ अशा न मोजायच्या शब्दांना ‘अच्छी’ किंवा ‘ठंडी’ जोडून ठेवा.

आणखी एक, कारण लिहिताना ते हमखास येतं. मराठीत ‘मोठ्या गाड्या आल्या होत्या’ यात सगळेच शब्द अनेकवचनी झाले. हिंदीत स्त्रीलिंगी विशेषण अनेकवचनात बदलत नाही, आणि क्रियापदातलं अनुनासिक एकदाच, शेवटच्या शब्दावर येतं: ‘बड़ी गाड़ियाँ आई थीं’. ‘आईं थीं’ नाही, ‘आ रहीं हैं’ही नाही. पुढे थीं किंवा हैं नसेल तेव्हाच ते क्रियापदावर येतं: ‘गाड़ियाँ आईं’. ‘ने’ आला तरी हेच, कारण तिथे आपल्यासारखंच क्रियापद कर्माकडे बघतं: मी दोन दुकानं बघितली, मैंने दो दुकानें देखीं. आणि ‘मैंने दो दुकानें देखी हैं’ म्हणताना बिंदू ‘हैं’वर सरकतो.

एक सावधगिरी. तिकडच्या प्रत्येकाचं लिंग प्रमाण हिंदीतलं असेलच असं नाही. दही प्रमाण हिंदीत पुल्लिंगी, ‘दही खट्टा है’. पण ‘दही खट्टी है’ म्हणणारे तुम्हाला रोज भेटतील. अशा शब्दावर ऑफिसात दोघांनी दोन सांगितलं तर शब्दकोश उघडा. दुकान, किताब, गाड़ी यांच्याबाबतीत तसा घोळ नाही. तिथे तुमचे सहकारी सुधारतात ते बरोबरच.