चार रूट कॅनल, एक आकडा आणि आमचं पत्र

प्रश्न: दातांच्या डॉक्टरांनी पाच दातांचं काम सांगितलंय आणि चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम लिहून दिलीय. मला दातागणिक खर्चाचा तपशील हवाय आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला एक्स-रेसुद्धा. पत्र कसं लिहू? डॉक्टर दुखावतील का?

दुखावले तर दुखावू देत, पत्र लिहाच. डॉक्टरांना काय वाटेल, याच विचारात आमच्या घरात आठ दिवस गेले होते आणि त्या आठही रात्री आई दाढ धरून बसली होती.

तिची खालची डावी पहिली दाढ ठणकत होती. झोपेतून उठवायची. गार पाण्याचा घोट घेतला की उठलेली कळ बराच वेळ शमायची नाही. क्लिनिकमध्ये ओपीजी काढला, म्हणजे सगळ्या जबड्याचा मिळून एक मोठा एक्स-रे, आणि चिठ्ठी हातात दिली: ‘रूट कॅनल ४, कॅप ४’, खाली एक आकडा. आई म्हणाली, अगं, दुखतेय एकच, मग बाकीचे तीन दात कुठले? ते चिठ्ठीवर नव्हतंच.

दादाचं म्हणणं, डॉक्टरला हिशेब विचारायचा नसतो, मग तो मन लावून काम करत नाही. मी ऐकलं नाही. पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं आणि आमच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. मजकूर असा होता:

“मा. डॉक्टर, स. न. वि. वि.

माझ्या आईला आपण चार रूट कॅनल व चार कॅप सुचवल्या आहेत. निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक दाताचा क्रमांक, त्याचं निदान आणि ते निदान कोणत्या तपासणीवरून केलं, हे कृपया लेखी द्यावं. खर्च दातागणिक वेगळा दाखवावा: रूट कॅनल, त्यावरची बांधणी, लागणार असल्यास मुळात बसवायचा आधाराचा पोस्ट, कॅप व तिचा प्रकार, एक्स-रे, लॅबचा खर्च, कर. कोणत्या दाताचं काम लगेच हवं आणि कोणतं थांबलं तर चालेल? काम सुरू झाल्यावर खर्च कशामुळे वाढू शकतो आणि हे अंदाजपत्रक किती दिवस ग्राह्य राहील, हेही कळवावं.

आम्ही दुसऱ्या दंतवैद्यांचंही मत घेणार आहोत. त्यासाठी एक्स-रेची तारखेसह मूळ फाइल व तपासणीच्या नोंदींची प्रत मिळावी. त्याचा खर्च असल्यास देऊ. आमची तक्रार नाही, समजून घेऊन संमती द्यायची आहे.”

तुम्ही नाव, तारीख, दातांची संख्या बदलून हेच वापरा. क्रमांकाचा आग्रह मात्र सोडू नका. ‘मागची दाढ’ म्हटलं की उद्या कोणतीही दाढ होते. बऱ्याच ठिकाणी दोन आकडी क्रमांक असतो: पहिला आकडा तोंडाचा कोणता चतुर्थांश ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. आईची दुखरी दाढ ३६ होती. काही देशांत सरळ १ ते ३२ मोजतात, तेव्हा कोणती पद्धत वापरलीय तेही विचारा.

पण या पत्रातलं खरं काम ‘कोणत्या तपासणीवरून’ या शब्दांनी केलं. चार दिवसांनी उत्तर आलं. ३६ आणि ३७ या दाढा, उजवीकडची ४६ आणि वरची डावी उपदाढ २५. चारही दातांपुढे तपासणी म्हणून एकच शब्द होता: ओपीजी. गार लावून पाहिलेलं नाही, ठोकून पाहिलेलं नाही, त्या त्या दाताचा छोटा एक्स-रे नाही. नस जिवंत आहे की गेली, हे ओपीजीवर दिसत नाही. शेजारच्या दातांच्या कडा, विशेषतः उपदाढांच्या, त्यात एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना मी आधीच सांगितलं की काम तुमच्याकडे करायचं असं ठरलेलं नाही, फक्त मत हवंय आणि त्याची फी देऊ. पहिलं अंदाजपत्रक पिशवीतच ठेवलं. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून एकेका दाताला लावला. ३६ ला आई कळवळली, बोळा काढल्यावरही अर्धा मिनिट गाल धरून होती. ३७ ला तिने हात वर केला आणि दोन-तीन सेकंदांत खाली घेतला. हाच फरक. कळ रेंगाळली तर नस सहसा वाचत नाही, लगेच गेली तर वाचण्याची आशा असते. छोट्या एक्स-रेत ३७ ची कीड खोल होती, पण नसेपर्यंत पोचलेली नव्हती. ४६ च्या जुन्या फिलिंगखालची काळी रेघ कीड नव्हती, फिलिंगखाली घातलेल्या थराची होती, कारण काही जुने थर एक्स-रेवर काळेच दिसतात. २५ च्या मानेवरची सावलीही फसवी निघाली. तिथे दाताची जाडी कमी असल्याने किरण जास्त आरपार जातात आणि किडीसारखा डाग उमटतो. सळईने चाचपल्यावर तिथला दात टणक लागला.

म्हणजे चाराचा एक रूट कॅनल झाला, ३७ ला फिलिंग, ४६ वर लक्ष ठेवायचं आणि २५ ला हातही लावायचा नाही. ३६ च्या भिंती पुरेशा उरल्या होत्या म्हणून पोस्टही लागला नाही. तो खर्च वेगळा लिहून घेतला नसता, तर गळला हे कळलंही नसतं.

आता दादाचं. आठ महिन्यांनी ३७ दुखायला लागली आणि तिलाही रूट कॅनल करावाच लागला. तेव्हापासून तो प्रत्येक भेटीत म्हणतो, बघ, पहिला डॉक्टर बरोबर होता. नाही, दादा. दुसऱ्या बाईंच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं: ‘३७, खोल फिलिंग, पुढे रूट कॅनल लागण्याची शक्यता.’ ही शक्यता आईला माहीत होती आणि तिने ती स्वीकारली होती. जिवंत नस वाचवायचा प्रयत्न फसला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. आणि ४६, २५ आज चार वर्षांनीही आपापल्या नसेसकट शाबूत आहेत.

पहिल्या डॉक्टरांनी फसवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. सावली पाहून घाईने ठरवलं, इतकंच मला माहीत आहे. दुसरं मत कमी खर्चाचं म्हणून बरोबर, असंही नाही. दोन्ही मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याकडे जाण्याआधी दोघांना एकच विचारा: या दाताला गार लावून पाहिलंत का, आणि काय दिसलं? एक्स-रेची फाइल मूळच घ्या. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो दाखवलात तर बारीक कीड त्यात हरवते. अंदाजपत्रकातला आकडा थोडा हलू शकतो, हेही मान्य करा, कारण दाढ उघडल्यावर कधी जास्तीची नळी सापडते, कधी तडा.

तुमच्या पाचांपैकी जो दात दुखतोय, त्याचं काम या पत्रापायी अडवून ठेवू नका. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांतलं काहीही असेल तर पत्र नंतर लिहा, आजच दवाखाना गाठा.