डेल्फ्टला येण्यापूर्वी एक भागाकार मोजून पाहा

"मी पुण्यात सहा वर्षे अॅप्लिकेशन सिक्युरिटीत काम करतो आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या एका मूल्यांकन प्रयोगशाळेने साइड-चॅनल विश्लेषकाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावले आहे. गुप्त मूल्यावर अवलंबून शाखा नको आणि अॅरेचा निर्देशांक नको, इतके मला माहीत आहे, आणि व्हॅलग्रिंड या तपासणी-साधनाने ते तपासताही येते. तिकडे प्रत्यक्षात काय करावे लागते आणि निघण्यापूर्वी कशाची तयारी करावी?"

मी आठ वर्षांपूर्वी पुण्याहूनच इकडे आलो आणि तेव्हापासून याच प्रकारच्या कामात आहे, म्हणजे यंत्राला लागणारा वेळ किंवा वीज मोजून गुप्त माहिती गळते का, हे शोधण्याच्या. तुम्हाला माहीत असलेले दोन नियम बरोबर आहेत, पण मुलाखत बहुधा त्यांच्या पलीकडे सुरू होईल. त्यामुळे अनेक हल्ल्यांची नावे पाठ करण्यापेक्षा एकच प्रकरण तळापर्यंत समजून घ्या, असे मी सुचवेन. माझ्या मते त्यासाठी सर्वांत योग्य प्रकरण कायबरस्लॅश या वेळेच्या गळतीचे आहे, कारण त्यात ते दोन्ही नियम तंतोतंत पाळलेले होते आणि तरीही किल्ली बाहेर आली.

कायबर ही क्वांटम संगणकांनाही दाद न देणारी किल्ली-स्थापनेची पद्धत असून ऑगस्ट 2024 मध्ये ती एमएल-केईएम या नावाने अमेरिकेच्या एफआयपीएस 203 या मानकात आली. तिच्या संदर्भ अंमलबजावणीतील `poly_tomsg` या फंक्शनमध्ये, म्हणजे उलगडलेल्या बहुपदीच्या 256 सहगुणकांतून 256 बिटांचा संदेश काढताना, 2023 च्या अखेरीपर्यंत पुढील ओळ होती:

```c
t = (((t << 1) + KYBER_Q/2)/KYBER_Q) & 1;
```

येथे `KYBER_Q` म्हणजे 3329, आणि `t` हे गुप्त किल्लीतून आलेले मूल्य. शाखा नाही, तक्त्यात शोध नाही. परंतु भागाकाराची सूचना अनेक प्रोसेसरांवर आकड्यांप्रमाणे कमी-अधिक वेळ घेते. लहान उपकरणांतल्या कॉर्टेक्स-एम4 या प्रोसेसरवर तिला घड्याळाची 2 ते 12 चक्रे लागतात. भाजक स्थिर असल्यामुळे कंपायलर बहुधा तिच्या जागी गुणाकार आणि सरकवणे वापरतो, आणि म्हणून `-O3` ने बांधणाऱ्यांना वर्षानुवर्षे काहीच दिसले नाही. `-Os` ने, म्हणजे आकार लहान ठेवण्यासाठी, बांधले की तोच कंपायलर खरी भागाकाराची सूचना टाकू शकतो; आणि लहान उपकरणांचे फर्मवेअर तर अनेकदा `-Os` नेच बांधले जाते. व्हॅलग्रिंड या बाबतीत गप्प राहिले, कारण गुप्त स्मृतीला 'अप्रारंभित' ठरवण्याची ती युक्ती शाखा आणि पत्ते यांवरच तक्रार करते, भागाकारावर नाही. नंतर संशोधकांनी त्यासाठी व्हॅलग्रिंडमध्ये वेगळी दुरुस्ती केली. "व्हॅलग्रिंड स्वच्छ आहे" एवढ्यावर अहवाल संपवणारा उमेदवार इकडे मागे पडतो, याचे कारण हेच.

1 डिसेंबर 2023 रोजी ही ओळ बदलली गेली:

```c
t <<= 1;
t += 1665;
t *= 80635;
t >>= 28;
t &= 1;
```

ही दुरुस्ती हाताने पडताळा. मला स्वतःला तिच्यातूनच विषय कळला. 2²⁸ भागिले 3329 म्हणजे 80635 आणि थोडे वर. ते 'थोडे' सोडून दिल्यामुळे उत्तर किंचित खाली येते, आणि म्हणूनच 1664 च्या जागी 1665 मिळवले आहे. कसोटी सीमेवर लागते. जुन्या सूत्रात `t` 832 असेल तर भाज्य 3328 होतो आणि बिट 0 येतो, तर 833 असेल तर 3330 होऊन बिट 1 येतो. नव्या सूत्रात 832 साठी 3329 × 80635 = 268433915, म्हणजे 2²⁸ (268435456) पेक्षा 1541 ने कमी, म्हणून 0; आणि 833 साठी 3331 × 80635 = 268595185, म्हणून 1. दुसरी सीमा 2496 आणि 2497 यांच्यात आहे, ती तुम्ही करून पाहा.

आता हल्लेखोराच्या बाजूने पाहू. कायबर512 मध्ये गुप्त किल्लीचे 512 सहगुणक असतात आणि प्रत्येक −3 ते 3 यांपैकी एक असतो. उलगडताना यंत्र आलेल्या कूटबद्ध मजकुराचे u आणि v हे दोन भाग आणि गुप्त किल्ली s घेऊन v − s·u काढते. हल्लेखोर u च्या पहिल्या बहुपदीत फक्त 208 हा स्थिरांक ठेवतो, दुसरी बहुपदी शून्य ठेवतो, आणि v च्या फक्त पहिल्या स्थानी 624 ठेवतो. संकुचित रूपात हे 64 आणि 3 होतात, त्यामुळे असा मजकूर पाठवता येतो. पहिल्या स्थानी 624 − 208·s उरते: s शून्य असेल तर 624, −1 असेल तर 832, −2 असेल तर 1040. 833 पासून बिट 1 होतो, म्हणजे हा बिट 1 झाला तर s हा −2 किंवा −3 आहे. बाकीच्या स्थानी शून्यापासून फार तर 624 इतके अंतर पडते, म्हणून ते बिट 0 च राहतात. 624 ऐवजी 416, 832, 1040, 1248 किंवा 1456 ठेवले की सीमा एकेका पायरीने सरकते आणि तीन प्रश्नांत सातांपैकी नेमके मूल्य सापडते. v मधील स्थान आणि u मधील बहुपदी बदलत गेले की 512 सहगुणकांसाठी जास्तीत जास्त 1536 प्रश्न.

अर्थात यंत्र तो बिट सांगत नाही. ते उलगडलेला संदेश पुन्हा कूटबद्ध करून आलेल्या मजकुराशी ताडते आणि बनावट मजकूर नाकारते. खरी गंमत येथे आहे. पुन्हा कूटबद्ध करताना सर्व यादृच्छिकता त्या संदेशातूनच निघते, त्यामुळे एक बिट बदलला की संपूर्ण मजकूर बदलतो. त्या मजकुराचे संकोचन करणाऱ्या फंक्शनांतही 3329 ने भागाकार होता, तोही कायबर512 मध्ये 768 वेळा. पाठवणाऱ्याकडे हा मजकूर सार्वजनिकच असतो, म्हणून तेथे गळतीचा प्रश्न नाही, असे वाटणे साहजिक होते. पण उलगडणाऱ्याकडे तोच मजकूर गुप्त असतो. हा दुसरा भाग, कायबरस्लॅश2, 30 डिसेंबर 2023 रोजी दुरुस्त झाला. एका भागाकारात मोजक्याच चक्रांचा फरक पडतो, परंतु येथे 768 भागाकारांचा एकत्र फरक एका बिटावर टांगलेला असतो. म्हणूनच संशोधकांच्या प्रयोगांत पहिल्या गळतीने किल्ली काढायला काही तास लागले आणि दुसरीने काही मिनिटे. नकार मिळाला तरी वेळ आधीच खर्च झालेला असतो, त्यामुळे पडताळणीची ती पायरी हल्ला थांबवत नाही.

निघण्यापूर्वी हे स्वतः करून पाहा. दुरुस्तीपूर्वीची संदर्भ अंमलबजावणी घ्या, `arm-none-eabi-gcc` वापरून `-mcpu=cortex-m4 -Os` ने बांधा आणि आधी फक्त एवढे बघा:

```
arm-none-eabi-objdump -d poly.o | grep -E 'udiv|sdiv'
```

काही सापडले नाही तर तो निकाल त्या कंपायलरच्या त्या आवृत्तीपुरता आणि त्या पर्यायांपुरताच आहे, असे लिहा. याउलट उदाहरण जून 2024 मध्ये दिसले: `poly_frommsg` मध्ये मुखवटा वापरून मुद्दाम शाखा टाळली होती, पण क्लँग या कंपायलरच्या 15 ते 18 या आवृत्त्यांनी काही पर्यायांसह त्यातून पुन्हा शाखाच तयार केली. स्रोत निर्दोष आणि बायनरी गळकी, अशी ही स्थिती. मुलाखतीत "कोणती बायनरी?" हा प्रश्न तुम्हीच आधी विचारलात तर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसेल.

मोजणीसाठी रास्पबेरी पाय 2 हा जुना छोटा संगणक मिळवा, पण आवृत्ती 1.1 चा, 1.2 मध्ये प्रोसेसर वेगळा आहे. त्यावरील चक्रगणक वापरकर्त्याच्या कार्यक्रमाला वाचता यावा यासाठी कर्नल मॉड्यूलमधून तो खुला करावा लागतो. आवश्यक नमुन्यांचा अंदाज आधी कागदावर करा. समजा मोजणीतील गोंगाटाचे प्रमाण विचलन 500 चक्रे आहे आणि शोधायचा फरक 20 चक्रांचा आहे. दोन गटांच्या सरासरींतील फरक गोंगाटाच्या मानाने किती मोठा हे सांगणारे टी-मूल्य 4.5 ओलांडायला प्रत्येक गटात सुमारे 25,000 मोजण्या लागतील. फरक निम्मा असेल तर चौपट, म्हणजे लाखाच्या आसपास. हा अंदाज न करता दहा हजार मोजण्यांवर "गळती नाही" असे लिहिणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे.

माझा पहिला दोष त्याच्या उलट होता. रुजू होऊन दोन महिने झाले असताना मी टी-मूल्य 30 च्या वर गेलेला आलेख अभिमानाने बैठकीत मांडला. ज्येष्ठ सहकारी बाईंनी एवढेच विचारले, "दोन गट कोणत्या क्रमाने चालवले?" मी आधी स्थिर मजकुराच्या सगळ्या मोजण्या घेतल्या होत्या आणि नंतर यादृच्छिक मजकुराच्या, दरम्यान बोर्ड तापला होता आणि प्रोसेसरने वारंवारता बदलली होती. प्रत्येक मोजणीपूर्वी नाणेफेक करून गट निवडला आणि दोन्ही गटांचे मजकूर आधीच तयार करून सारख्याच जागेत ठेवले, तेव्हा मूल्य 2 च्या खाली आले. बाईंच्या स्वरात राग नव्हता. इकडे लोक चूक सर्वांसमोर, सरळ सांगतात आणि लगेच जेवायलाही सोबत बोलावतात. आपल्याकडून आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे ते मनाला लागते, एवढे मनाशी धरून या.

कामाचे स्वरूप असे, की दिवसाचा मोठा भाग मोजणी विश्वासार्ह करण्यात आणि अहवालात तिच्या मर्यादा लिहिण्यात जातो. किल्ली बाहेर काढण्याचा दिवस क्वचित येतो. वेळेची गळती हे त्यातले सोपे टोक आहे, वीज आणि विद्युतचुंबकीय मोजणी येथे आल्यावर शिकवतात. व्हिसाचे फारसे मनावर घेऊ नका, कारण कुशल स्थलांतरितासाठीचा अर्ज मान्यताप्राप्त नियोक्ताच करतो. परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या 30 टक्के करसवलतीबाबत मात्र पहिल्याच आठवड्यात विचारा: रुजू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज केला तरच ती पहिल्या दिवसापासून लागू होते. आणि तो पाय केबिन बॅगेत ठेवा, सोबत तुमच्या आलेखाची कच्ची आकडेवारीही. मुलाखतीत आलेखापेक्षा तीच आधी मागितली जाते, असा माझा अनुभव आहे.