लाभांशाचा हंगाम आणि ईईएफसी खात्यातले डॉलर

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. अमेरिकेच्या पार्टीकडून मे महिन्यात ईईएफसी खात्यावर, म्हणजे निर्यातीचे डॉलर डॉलरमध्येच ठेवायच्या खात्यावर, 40,000 डॉलर जमा झालेत. ओळखीतले एक जण म्हणतात, जून ते सप्टेंबर परदेशी कंपन्या इथला लाभांश मायदेशी नेतात, त्यामुळे डॉलर चढतो, ऑगस्टपर्यंत विकू नका. सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, जवळजवळ पूर्ण वापरलेली आहे, व्याज 10 टक्के. थांबू का? ऑगस्टमध्ये आणखी 30,000 डॉलर येणार आहेत.

उत्तर : ऑगस्टपर्यंत थांबायची मुभाच तुम्हाला नाही. ईईएफसी खात्यात एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयात करून घ्यावी लागते. आयात यंत्राचे पैसे, परदेशी एजंटचं कमिशन असं एखादं मंजूर देणं असेल किंवा आधीच फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच दर ठरवून, केलेला असेल, तर तेवढी रक्कम वेगळी. म्हणजे मेचे डॉलर 30 जूनपर्यंत निघालेच पाहिजेत. त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त आज विकायचे की जूनअखेर.

तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं मुळात खोटं नाही. मार्चअखेर वर्ष संपतं, एप्रिल-मेमध्ये निकाल आणि लाभांश जाहीर होतो, सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि सभेत मंजूर झालेला लाभांश 30 दिवसांत द्यावा लागतो. परदेशी मूळ कंपनीचा वाटा कर कापून बाहेर जातो. त्यासाठी तिची बँक रुपये विकून डॉलर घेते. पैसे येनमध्ये जायचे असले तरी वाट बहुधा डॉलरवरूनच जाते.

आता हा ओघ केवढा असतो ते एका उदाहरणावरून बघा. मारुती सुझुकीने एप्रिल 2025 मध्ये शेअरमागे 135 रुपये लाभांश जाहीर केला. सभा ऑगस्टअखेर झाली, पैसे सप्टेंबरच्या सुरुवातीला वाटले गेले. कंपनीचे साधारण 31.4 कोटी शेअर आहेत, त्यातले 58 टक्के जपानच्या सुझुकीकडे. म्हणजे सुझुकीचा वाटा झाला सुमारे 2,460 कोटी. जपानशी असलेल्या करारानुसार 10 टक्के कर वजा केला की उरतात 2,215 कोटींच्या आसपास. तेव्हाच्या 88 च्या दराने ते झाले साधारण 25 कोटी डॉलर. आपल्याला हा आकडा डोंगराएवढा वाटतो, पण रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यानुसार 2024 मध्ये भारताच्या परकीय चलन बाजारात रोजची उलाढाल सरासरी 6,000 कोटी डॉलरची होती. त्यात अर्धा टक्कासुद्धा भरत नाही.

तरी दर जरा हलतो, आणि कशाने हलतो हे कळलं तर उपयोग होतो. या 6,000 कोटींतला मोठा भाग बँकांचे आपापसातले व्यवहार आणि स्वॅप, म्हणजे आज घेतलेले डॉलर ठरलेल्या तारखेला परत देण्याचे सौदे. लाभांशाची मागणी मात्र एकतर्फी असते, कारण घेणारा ते डॉलर परत विकणार नसतो. शिवाय अनेक कंपन्यांना त्या दिवसाचा संदर्भ दर हवा असतो. तो दर साडेअकरा ते साडेबारा या तासातल्या कुठल्यातरी पंधरा मिनिटांच्या सौद्यांवरून ठरतो, म्हणून मागणी त्या तासात दाटते. दुपारी डॉलर काही पैशांनी वर आणि नंतर तोच खाली, असं दिसलं तर समजायचं की एखादं मोठं पेमेंट निघालं असणार. मात्र लाभांश शेअर बाजाराला आधीच कळवलेला असतो आणि अनेक मूळ कंपन्या आधीच फॉरवर्ड करून ठेवतात. जी मागणी चार महिने सगळ्यांना दिसते आहे, ती दरात आधीच थोडीफार उतरलेली असते.

दक्षिण कोरियात हा परिणाम जास्त ठळक दिसतो. तिथे बहुतेक कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं आणि लाभांश एप्रिलमध्ये एकगठ्ठा बाहेर जातो. एप्रिल 2024 मध्ये तर त्यापायी देशाचं चालू खातं त्या महिन्यापुरतं तुटीत गेलं. आपल्याकडे मात्र तो विखुरलेला असतो. हिंदुस्तान युनिलिव्हर अंतिम लाभांश जून-जुलैत देते, अंतरिम नोव्हेंबरच्या सुमारास. बाकीच्या कंपन्या आपापल्या सवडीने. त्यात रिझर्व्ह बँकही मध्ये पडून चढउतार मवाळ करत असते.

आणि खरी फसगत इथेच होते. 29 ऑगस्ट 2025 ला डॉलर पहिल्यांदा 88 च्या वर गेला. मारुतीचा लाभांश त्याच आठवड्यात मंजूर झाला होता. कॅलेंडर घेऊन बसलेला माणूस म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो? पण दोनच दिवस आधी, 27 तारखेला, भारतीय मालावर अमेरिकेचा 50 टक्के आयात कर लागू झाला होता. रुपया त्या धक्क्याने घसरला. अशा वेळी दरात लाभांशाचा हिस्सा शोधणं म्हणजे पंचगंगेला पूर आलेला असताना त्यात जयंती नाल्याचं पाणी किती, हे मोजण्यासारखं आहे.

आता तुमचा हिशेब. सोपं जावं म्हणून डॉलर 90 रुपये धरू. 40,000 डॉलरचे 36 लाख झाले. ते सीसीत भरले तर 10 टक्क्यांनी महिन्याला 30,000 रुपये व्याज वाचतं, म्हणजे डॉलरमागे 75 पैसे. ईईएफसीवर व्याज शून्य. त्यामुळे महिनाभर थांबायचं तर डॉलर निदान 75 पैशांनी चढला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी. लाभांशाचा धक्का चार-दोन पैशांचा, फार तर दहा-वीस पैशांचा, आणि तोही त्याच दिवशी येईल याची खात्री नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सगळे 40,000 या आठवड्यात विका आणि सीसी खाली आणा. सीसी रिकामी असती, तर अर्धे जूनअखेरपर्यंत ठेवायला मी हरकत घेतली नसती.

विकताना मात्र बँकेच्या दराकडे बघा. मागच्या वेळच्या रूपांतराच्या अ‍ॅडव्हाइसवर दर आणि वेळ असेल, तर त्या मिनिटाला इंटरबँक, म्हणजे बँकांचा आपापसातला, दर काय होता ते विचारा. इंटरबँक 90 असताना तुम्हाला 89.60 लावला असेल, तर बँकेने 40 पैसे घेतले, म्हणजे 40,000 डॉलरवर 16,000 रुपये. लहान कारखानदार हे विचारत नाही, म्हणून त्याला फॉरेक्स डेस्कचा दर न मिळता शाखेचा छापील दर लागतो. सौदा करण्याआधी फोन करून मार्जिन 10-15 पैशांवर आणायला सांगा. बँक ऐकत नसेल, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेल मंचावर नोंदणी करून द्या म्हणावं. तिथे बाजाराचा दर आणि बँकेचा सेवा आकार वेगवेगळा दिसतो. लाभांशाच्या हंगामाकडून जे मिळेल असं तुम्हाला वाटतंय, त्याहून जास्त या एका फोनवर सुटू शकतं.

ऑगस्टच्या 30,000 डॉलरसाठी इन्व्हॉइस झालं असेल तर त्यातले 20,000 आजच ऑगस्टअखेरचा फॉरवर्ड करून विका. डॉलर विकणाऱ्याला फॉरवर्डमध्ये वर थोडा प्रीमियम मिळतो. सगळे 30,000 बांधू नका. पार्टीचं पेमेंट पंधरा दिवस जरी लांबलं, तरी फॉरवर्ड पुढे ढकलायला किंवा रद्द करायला खर्च येतो, आणि माल पोचल्यावर एखाद्या लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेलं छिद्र, निघून रक्कम कापली जाणं तुम्हाला नवीन नसेल. उरलेले 10,000 आले की त्या दिवशीच्या दराने विका, महिना कुठलाही असो.