‘ग्रंज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ग्रंज या रॉक संगीतप्रकारावरचा एक लेख मला मराठीत आणायचा आहे. दुसऱ्या एका लेखात ग्रंजला ‘गबाळं संगीत’ म्हटलेलं वाचलं. हे बरोबर आहे का? ग्लॅम मेटलच्या झगमगाटाविरुद्धचं बंड म्हणून हे नाव मुद्दाम घेतलं होतं का? आणि लिहायचं कसं, ग्रंज की ग्रुंज?

आधी लिहिण्याचं उरकून टाकतो. ‘ग्रंज’ लिहा. स्वर अ-च्या जवळचा आहे, उ नाही. खरी अडचण ज-ची आहे. लोखंडावर चढतो त्या ‘गंज’मधला ज आपण जीभ दातांकडे नेऊन म्हणतो, आणि ‘ग्रंज’ दिसल्यावर मराठी जीभ आपोआप तिकडेच वळते. इथे हवा तो ‘कुंज’मधला ज. तो वेगळा दाखवायची सोय आपल्या लिपीत नाही, त्यामुळे एकदा ऐकून घेणं हाच उपाय. चुकून ‘गंज’सारखा म्हटलात तरी अर्थाच्या फार लांब जाणार नाही, हा आपला योगायोग.

‘गबाळं’ मात्र मला पटत नाही. गबाळा हा माणसाच्या वागण्याबद्दलचा शब्द आहे: शर्टाचं बटण एक घर चुकलंय, पिशवीतून सामान सांडतंय, त्याचं त्यालाच आवरत नाहीये. इंग्रजीतला ‘ग्रंजी’ हा शब्द पृष्ठभागाबद्दल बोलतो. १९६५च्या सुमारास तो अमेरिकन बोलीत छापील दिसू लागतो. मळका अशा अर्थाचा ‘ग्रबी’ आणि कोंदट-काळपट अशा अर्थाचा ‘डिंजी’ यांची ती सरमिसळ असावी, असं कोशकार मानतात. आधी विशेषण आलं आणि मग त्याचं शेपूट तोडून ‘ग्रंज’ हे नाम झालं. अर्थ साधा: साचलेला मळ. शेगडीमागच्या भिंतीवर बोट फिरवल्यावर बोटाला जो चिकट काळा थर येतो, तो ग्रंज.

यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘कळकट’. मळकट, धुरकट, तेलकट, मातकट या सगळ्या भावंडांमध्ये कुठलातरी थर बसल्याची सूचना आहे. माझी आजी ओट्यावरच्या मसोत्याला कळकट म्हणायची, पण कपडे नीट न घालणाऱ्या नातवाला गबाळा. हा फरक इथे फार कामाचा आहे, कारण ग्रंज हे नाव आधी आवाजाला लागलं. कपडे नंतर आले.

आता नाव कुणी ठेवलं ते. १९८१मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या ‘डेस्परेट टाइम्स’ नावाच्या छोट्या पत्रिकेत एका तरुणाने पत्र पाठवून एका बँडला ‘निव्वळ ग्रंज, निव्वळ गोंगाट’ असं म्हटलं आणि पुढे एक शिवीही जोडली. गंमत अशी की तो बँड त्याचा स्वतःचाच होता, ‘मिस्टर एप अँड द कॅल्क्युलेशन्स’. हा तरुण म्हणजे पुढे ‘मडहनी’ या बँडचा गायक म्हणून ओळखला गेलेला मार्क आर्म. दुसरी नोंद १९८७ची. ‘सब पॉप’ या सिअ‍ॅटलच्या रेकॉर्ड कंपनीच्या ब्रूस पॅव्हिटने ‘ग्रीन रिव्हर’ या बँडच्या ‘ड्राय अ‍ॅज अ बोन’ची जाहिरात करताना ‘एका पिढीची नीतिमत्ता धुळीला मिळवणारं अतिसैल ग्रंज’ अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. या बँडमध्येही मार्क आर्म होताच. एकदा स्वतःच स्वतःची टर उडवणं आणि एकदा माल खपवण्यासाठी केलेली फुशारकी, अशा दोन वाटांनी शब्द रुळला. दोन्हीकडे ग्लॅमचं नाव नाही. तेव्हा ‘बंड म्हणून मुद्दाम घेतलेलं नाव’ असं लिहू नका.

विरोध मात्र खरा आहे, आणि तो ऐकू येतो. त्यासाठी आधी ‘ग्लॅम’ हा शब्द पाहू. तो ‘ग्लॅमर’चा तुकडा, आणि ग्लॅमर हे स्कॉटलंडमध्ये झालेलं ‘ग्रामर’चं, म्हणजे चक्क व्याकरणाचं, बदललेलं रूप. विद्या म्हणजे मंत्रविद्या, मंत्रविद्या म्हणजे नजरबंदी, अशा पायऱ्यांनी तो मोहिनीपर्यंत पोचला. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरचे १९८०च्या दशकातले बँड तीच नजरबंदी करत होते: फवारे मारून फुगवलेले केस, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या चमकत्या विजारी. त्यांना आज सर्रास ‘हेअर मेटल’ म्हणतात, पण हे नाव मुख्यतः नंतर, त्यांची सद्दी संपल्यावर, टिंगलीच्या सुरात पसरलं.

केसांपेक्षा मला आवाज महत्त्वाचा वाटतो. डेफ लेपर्डचं १९८७चं ‘हिस्टेरिया’ घ्या. बँड इंग्लंडचा, सनसेट स्ट्रिपचा नव्हे, पण बंदिस्त स्टेडियमात हजारोंसमोर वाजवायच्या अरीना रॉकचा हा अगदी घोटून गुळगुळीत केलेला नमुना. तो पूर्ण व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ लागला. मध्येच ड्रमर रिक अ‍ॅलनने अपघातात हात गमावला, हेही त्यामागचं एक कारण. पण निर्माता मट लँगची पद्धतही तशीच होती. गिटारचा कॉर्ड म्हणजे एका झटक्यात चार-सहा तारा छेडायच्या. इथे काही ठिकाणी त्यातला एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून मग कॉर्ड जुळवला. कोरसमध्ये तेच आवाज थरावर थर चढवून एवढे मोठे केले की माणसं कमी आणि भिंत जास्त वाटते. तारा एकमेकींवर घासून होणारी कुरकुर त्यात सापडत नाही. तीच पुसून टाकायची होती.

आता सिअ‍ॅटल. मडहनीने १९८८मध्ये एक छोटी रेकॉर्ड काढली, नाव ‘सुपरफझ बिगमफ’. ही दोन यंत्रांची नावं आहेत. सुपर-फझ आणि बिग मफ हे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायचे पेडल. पायाने दाबले की गिटारचा सूर इतका वाढवतात की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि नितळ सुराच्या जागी फरफरणारा, कडा विस्कटलेला आवाज येतो. गिटारवरचा कळकट थर तो हाच. तो पुसायचा सोडून त्यांनी त्याचंच नाव रेकॉर्डला दिलं. नुसता गोंगाटही नव्हता तो: पंकचा उद्धटपणा आणि ब्लॅक सॅबथसारख्या सत्तरच्या दशकातल्या बँडची जड, संथ चाल यांचं मिश्रण होतं.

पुढच्या वर्षी, १९८९मध्ये, ‘निर्वाणा’ या बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ आला. रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या छोट्या स्टुडिओत जॅक एंडिनोने तो ध्वनिमुद्रित केला. खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. हे पैसे गिटारवादक जेसन एव्हरमनने दिले, त्याचं नाव आणि छायाचित्र मुखपृष्ठावर आहे, पण त्याने त्यात एकही सूर वाजवलेला नाही. मजा पुढेच आहे: अल्बम ‘६०० डॉलरमध्ये’ केल्याचं वेष्टनावरच छापलं होतं. ज्या काळात रॉकच्या जगात स्टुडिओचा खर्च जितका मोठा तितका मान मोठा, त्या काळात स्वस्ताई मिरवणं, ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्पष्ट प्रतिक्रिया वाटते. चौकड्यांच्या फ्लॅनेलच्या शर्टाचं लोक फार कौतुक करतात. सिअ‍ॅटल थंड आणि पावसाळी, जुन्या कपड्यांच्या दुकानात तो स्वस्तात मिळायचा. सुरुवातीला तरी त्यात घोषणा वगैरे काही नव्हती.

तुमच्या लेखात ‘ग्रंजने ग्लॅमला हटवलं’ असं सरळ वाक्य असेल तर त्याला थोडा लगाम घाला. ज्या ग्रीन रिव्हरसाठी पॅव्हिटने तो शब्द वापरला, तो बँड त्याच वर्षी फुटला, आणि फुटला तो याच शिवणीवर. स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट यांना मोठी कंपनी आणि मोठा श्रोतृवर्ग हवा होता, मार्क आर्मला नको होता. ते दोघे ‘मदर लव्ह बोन’मध्ये गेले. तिथला गायक अँड्र्यू वुड म्हणजे ग्लॅमचाच थाट. १९९०मध्ये त्याचं निधन झाल्यावर गोसार्ड आणि अमेंटने ‘पर्ल जॅम’ हा बँड उभा केला. सिअ‍ॅटलच्याच ‘अ‍ॅलिस इन चेन्स’ या बँडची पाळंमुळंही ग्लॅम बँडमध्येच आहेत. थोडक्यात, कळकट आणि झगमगीत एकाच गल्लीत, कधीकधी एकाच बँडमध्ये राहत होते.

आणि निर्वाणाचा दुसरा अल्बम ‘नेव्हरमाइंड’? सप्टेंबर १९९१मध्ये आला, जानेवारी १९९२मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिला झाला. ग्रंज म्हटलं की सगळे हाच अल्बम सांगतात. पण हेडफोन लावून ‘ब्लीच’नंतर लगेच ऐका. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याचा आवाज जागोजागी दुहेरी आहे. निर्माता बुच व्हिगने ‘जॉन लेननही असंच करायचा’ असं सांगून त्याला पुन्हा गायला लावलं. शेवटचं मिक्सिंग अँडी वॉलेसने केलं आणि ड्रम रुंद, उजळ, रेडिओला शोभतील असे झाले. कोबेननेच नंतर म्हटलं की हा अल्बम पंकपेक्षा मॉटली क्रू या ग्लॅम बँडच्या रेकॉर्डला जवळचा आहे आणि आपल्याला त्याची लाज वाटते. पुढच्या ‘इन युटेरो’ या अल्बमसाठी बँड ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेला आणि १९९३च्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या एका स्टुडिओत दोनेक आठवड्यांत काम उरकलं. म्हणून आवाजाबद्दल लिहिताना ‘नेव्हरमाइंड’ला ‘कळकट’ म्हणू नका. नाव ग्रंज, अंगावर पॉलिश, अशी त्याची गोष्ट आहे.

भाषांतरात मी असं करीन: पहिल्या उल्लेखाला ‘ग्रंज, म्हणजे शब्दशः कळकट’, आणि पुढे नुसतं ग्रंज. संगीतप्रकाराचं नाव म्हणून ‘कळकट संगीत’ चालवू नका, ते संगीतावरचा शेरा वाटेल. ग्लॅमसाठी ‘झगमगाटी’ चालेल, आणि ‘पॉलिश्ड’ आवाजासाठी ‘घोटीव’ मला आवडतो, कारण त्यात पुन्हापुन्हा घासण्याची मेहनत आहे.

एक सावधगिरी. ग्रंजवाल्यांच्या खास बोलीची यादी तुमच्या हाती लागली तर ती भाषांतरायला घेऊ नका. नोव्हेंबर १९९२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशी यादी छापली होती: ‘वॅक स्लॅक्स’ म्हणजे जुनी फाटकी जीन्स, ‘स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप’ म्हणजे टिवल्याबावल्या करत वेळ काढणं, ‘कॉब नॉबलर’ म्हणजे कुचकामी माणूस. बातमीदाराने हे शब्द सब पॉपची पूर्वीची रिसेप्शनिस्ट मेगन जॅस्पर हिला फोनवर विचारले आणि तिने ते जागच्या जागी रचून सांगितले. सिअ‍ॅटलमध्ये कुणीही तसं बोलत नव्हतं. ‘द बॅफलर’ या नियतकालिकाने नंतर हे उघड केलं, आणि मग त्यातले शब्द छापलेले टी-शर्ट निघाले.